पंख फुटलेली मुंगी की वाळवी? फोटोत नेमकं कुठे बघायचं

जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की एक-दोन संध्याकाळींत माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कॉलेजात कीटकशास्त्र शिकले, त्यामुळे घरात झुरळ दिसलं तरी नातेवाईक मलाच विचारतात. पण जूनमधले फोटो बहुतेक एकाच प्रकारचे असतात. ट्यूबलाइटखाली फरशीवर पसरलेली तपकिरी पाखरं, कडेला गळून पडलेल्या पंखांचा चुरा, आणि खाली एक ओळ: "ही वाळवी आहे का गं?"

यंदाचा पहिला फोटो चिपळूणच्या मावशीचा होता. तिच्या घराला पुढे लाकडी पडवी आहे, खांब जुने सागवानी, त्यामुळे वाळवी म्हटलं की तिचा जीव वर-खाली होतो. तिने आधी एका पेस्ट कंट्रोलवाल्याला फोटो पाठवला होता. त्याने पाच मिनिटांत उत्तर दिलं, "वाळवीच आहे, पूर्ण घराला ड्रिलिंग करून औषध सोडावं लागेल." फोटो इतका हललेला होता की त्यात कीटकाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हेही कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, "मावशी, थांब. आधी नीट फोटो काढू, मग ठरवू." त्या रात्री तिच्याकडून एकेक फोटो मागवत आम्ही निकालापर्यंत कसे गेलो ते पुढे सांगतेच. त्याआधी फोटोत काय शोधायचं ते बघू.

हा गोंधळ होतो, कारण दोघांचा मुहूर्त एकच असतो. वाळवीची जुनी वसाहत वर्षातून एकदा पंखवाले नर-मादी बाहेर सोडते. आपल्याकडे ते बहुधा पहिल्या पावसानंतर, जमीन ओली आणि हवा दमट झाली की दिवेलागणीला उडतात. मुंग्यांच्याही बऱ्याच जाती याच दिवसांत आपले पंखवाले नर आणि राण्या सोडतात. दोघंही दिव्याकडे ओढले जातात, दोघंही पंख टाकतात. "मुंगीला पंख फुटले" ही म्हण त्या रात्री फरशीवर पडलेल्या प्रत्येक पाखराला लावली जाते. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येकांचा मुंगीशी काडीचाही संबंध नसतो.

दुसरं कारण रंग. लाकूड पोखरताना आपण बघतो ती वाळवी पांढरट आणि मऊ असते. त्यामुळे गडद तपकिरी कीटक दिसला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, "हा तर काळा आहे, मुंगीच असणार." पण ती पांढरी वाळवी म्हणजे आयुष्यभर अंधारात राहणारी कामकरी. उडायला निघालेल्या वाळवीला उघड्या हवेत टिकायचं असतं, म्हणून तिची कातडी जाड आणि तपकिरी होते. कामकरी वाळवी आंधळी असते, पण या पंखवालीला चांगले गोल काळे डोळे असतात. तेव्हा फोटो बघताना रंग सोडून द्यायचा. तो दोन्ही बाजूंनी फसवतो.

बघायच्या खुणा तीन: कंबर, पंखांची लांबी आणि मिशा. त्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका. या दोघांचं कूळ एकदा लक्षात ठेवलं की तिन्ही खुणा आपोआप आठवतात. वाळवी ही झुरळाच्या घराण्यातली आहे. पूर्वी तिचा वेगळा गण मानत, आता ती झुरळांच्याच गणात धरतात. मुंगी मात्र गांधीलमाशीच्या घराण्यातली. झुरळ डोळ्यांपुढे आणा. त्याचं अंग एकसंध, कुठेही चिमटलेलं नसतं. आता गांधीलमाशी आणा. छाती आणि पोट यांच्यामध्ये जणू दोऱ्याने आवळल्यासारखी कंबर. फोटोतला कीटक कोणाच्या वळणावर गेलाय, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे.

कंबरेपासून सुरुवात करू, कारण ती दिसली की बाकी बघायची गरज फारशी उरत नाही. मुंगीत छाती संपते तिथे शरीर एकदम बारीक होतं. त्या बारीक भागावर एक छोटी गाठ उभी असते. घरातल्या मोठ्या काळ्या मुंगळ्याला अशी एकच गाठ असते, तर चावणाऱ्या बारीक लाल मुंगीला एकापाठोपाठ दोन. गाठी मोजता आल्या नाहीत तरी चालेल. त्यांच्यापुढे आणि मागे शरीर आत गेलेलं दिसलं की पुरे. मुंगीची राणी अंड्यांनी कितीही फुगली, पोट टम्म झालं, तरी ही कंबर भरून येत नाही. वाळवीत यातलं काहीच नाही. छाती आहे त्याच रुंदीने पोटात मिसळते. पंख बाजूला केले तर ती टोकाला किंचित निमुळत्या, लांबट बियाण्यासारखी दिसते.

इथे एक चूक मी बऱ्याच जणांना करताना पाहिली आहे. वाळवीचं डोकं गोल असतं आणि ते छातीला जिथे जोडलेलं असतं तिथे मान थोडी आत गेलेली दिसते. लोक त्या मानेलाच कंबर समजतात आणि "कंबर आहे की, मुंगीच" असं ठरवून मोकळे होतात. यावर उपाय पायांचा. सहाही पाय छातीला जोडलेले असतात. सगळ्यात मागची जोडी कुठून निघते ते शोधायचं आणि तिच्या लगेच मागे बघायचं. तिथे शरीर चिमटलेलं असेल तर मुंगी, सरळ पुढे गेलेलं असेल तर वाळवी. डोक्याजवळ जे काही बारीक दिसेल ते मोजायचं नाही.

मग अडतं कुठे? कंबर नेमकी पंखांखाली असते. कीटक फरशीवर बसला की पंख पाठीवर घेतो. वरून काढलेल्या फोटोत कंबरेच्या जागी पंखांचा पापुद्रा पसरलेला दिसतो. दहातल्या आठ फोटोंत हीच गत. म्हणून वरून काढलेल्या फोटोत कंबर दिसत नाही म्हणजे ती नाहीच, असं समजायचं नाही. कंबर बघायची तर फोटो बाजूने हवा, नाहीतर पोटाखालून. कीटक आडवा-उताणा पडला असेल तर उत्तमच.

वरून काढलेल्या फोटोत सगळ्यात ठळक दिसतात ते पंख. त्यामुळे लोक पंखांवर सगळ्यात आधी विसंबतात, आणि फसतातही तिथेच. पुस्तकी खूण अशी: वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे आणि जवळपास एकाच घाटाचे असतात. जुन्या वर्गीकरणात तिच्या गणाचं नावच ग्रीकमधून "समान पंख" या अर्थाने ठेवलं होतं, आयसॉप्टेरा. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे ठळकपणे लहान. गांधीलमाशीसारखंच तिच्या मागच्या पंखाच्या कडेला सूक्ष्म आकडे असतात. ते पुढच्या पंखात अडकतात आणि उडताना दोन्ही पंख मिळून एकच पंख होतो. वाळवीचे पंख असे जोडलेले नसतात, म्हणून ती फडफडत, वाऱ्यावर भेलकांडत उडते. तिला उडताना पाहिलंत तर उडण्यापेक्षा तरंगण्याचीच आठवण येईल.

खूण खरी आहे, पण फोटोत ती तपासायची कशी? बसलेल्या मुंगीचा मोठा पुढचा पंख मागच्या लहान पंखाला झाकतो. वरून बघणाऱ्याला दोनच पंख दिसतात, आणि ते "सारखे" वाटतात. मग लोक म्हणतात, सारखे आहेत, वाळवी. वाळवीतही चारही पंख एकावर एक नीट रचलेले असतात, तेव्हा तिचाही एकच लांब पापुद्रा दिसतो. म्हणजे पंख मिटलेले असतील तर पुढचे-मागचे सारखे आहेत का, या प्रश्नाला फोटो उत्तरच देऊ शकत नाही. हा प्रश्न पंख पसरलेल्या, उताण्या पडलेल्या किंवा एखादा पंख वाकडा झालेल्या कीटकालाच विचारायचा.

मिटलेल्या पंखांना वेगळा प्रश्न विचारायचा: पोट संपल्यावर पंख मागे किती पुढे जातात? वाळवीत हा पल्ला डोळ्यांत भरण्याइतका असतो. पोटाच्या टोकामागे जवळपास आणखी एक शरीर मावेल इतका. डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंतची लांबी मोजली तर ती शरीराच्या साधारण दुप्पट भरते. मुंगीतही पंख पोटापुढे जातात, पण थोडेसे, शरीराच्या पाव-तृतीयांश वगैरे. नर मुंग्यांत कधी तेवढेही नाही. फोनवर फोटो मोठा करा, पडद्यावर कागदाची पट्टी धरा, डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत खूण करा आणि तीच पट्टी पोटाच्या टोकापासून मागे सरकवा. पंख संपतात कुठे ते कळतं. कीटक किती मिलिमीटरचा आहे हे माहीत नसलं तरी चालतं, कारण तुम्ही त्यालाच त्याच्या मापाने मोजताय.

हे मापही दोन ठिकाणी चुकतं. कॅमेरा तिरका असेल तर दूरचं टोक आखूड दिसतं. आणि कीटक मरून सुकलेला असेल तर पोट आक्रसतं, पंख मात्र तेवढेच राहतात. खिडकीच्या कोपऱ्यात आठवडाभर पडलेली सुकी मुंगी या मापाने वाळवी ठरू शकते. ताज्या कीटकाचाच फोटो घ्या.

पंख जरा स्पष्ट दिसत असतील तर शिरांकडेही बघा. मुंगीच्या पुढच्या पंखात काही थोड्या ठळक शिरा असतात. त्या एकमेकींना मिळून खिडकीच्या तावदानांसारखे बंद कप्पे करतात, आणि पुढच्या कडेवर बऱ्याचदा एक गडद डाग असतो. वाळवीच्या पंखात पुढच्या कडेलगत एक-दोन जाड शिरा लांबपर्यंत धावतात आणि उरलेला पंख पुसट रेघांचा, सुकलेल्या पिंपळपानाच्या जाळीसारखा. डाग नाही, ठळक कप्पे नाहीत.

कीटक गेला आणि नुसते पंख उरले, तरी काम होतं. किंबहुना मला तर पंखांचा ढीग कीटकापेक्षा जास्त आवडतो. तो हलत नाही. वाळवीच्या प्रत्येक पंखात मुळाशी एक आडवी रेघ असते, कागद फाडण्यासाठी आधीच टोचून ठेवल्यासारखी. जमिनीवर उतरल्यावर ती अंगाला थोडा झटका देते आणि पंख त्या रेघेवर तुटून पडतो. पाठीवर उरतात चार छोटे तिकोनी तुकडे. मुंगीची राणीही पंख टाकते, पण पायांनी ओढून, वेळ घेऊन, आणि तेही जोडीदार मिळाल्यानंतर. नर मुंगी तर पंखांसकटच मरते. म्हणून दिव्याखाली सकाळी झाडूने गोळा करावा इतका पंखांचा खच असेल तर वाळवीची शक्यता आधीच वाढते. तरी खात्री करायला दहा-बारा पंख चिमट्याने किंवा ओल्या रंगाच्या ब्रशने उचला आणि काळ्या कागदावर मुळं एका रेषेत ठेवून मांडा. सगळे एकाच लांबीचे निघाले तर वाळवी. त्यात मोठे आणि लहान असे दोन गट पडले तर मुंगी. या मांडणीचा एक फोटो मला दहा हललेल्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

आता मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका. वाळवीची मिशी पोतीसारखी असते: बारीक गोल मणी एकापुढे एक ओवलेले, सरळ किंवा किंचित कमानदार, आणि पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत जवळपास एकाच जाडीची. मुंगीची मिशी कोपरात वाकवलेल्या हातासारखी. डोक्याजवळचा पहिला तुकडाच एवढा लांब की तो दंड, आणि त्यापुढचे बारीक तुकडे मिळून मनगटापर्यंतचा हात. मध्ये स्पष्ट कोपर. राणी मुंगीच्या फोटोत हा कोपर इतका ठळक येतो की तोंडाकडचा एक स्वच्छ फोटो मिळाला तर कंबर झाकलेली असली तरी अडत नाही.

पण नर मुंगी इथे दगा देते, आणि पुष्कळ तक्त्यांत हे लिहिलेलं नसतं. दिव्याला येणाऱ्या पंखवाल्या मुंग्यांत नरांची संख्या मोठी असते. त्यांचं डोकं छातीच्या मानाने लहान, डोळे मोठे, आणि काही जातींत मिशीचा तो पहिला दंड अगदी आखूड असतो. कोपर दिसतच नाही, मिशी दोऱ्यासारखी सरळ दिसते. लाल मुंगीचे नर याचं चांगलं उदाहरण. नुसती मिशी बघणारा माणूस त्यांना बेधडक वाळवी म्हणेल. अशा वेळी घोळक्यातला सगळ्यात मोठा, जाडजूड कीटक शोधा. तो बहुधा राणी असतो आणि त्याची मिशी खोटं बोलत नाही. नाहीतर कंबरेकडे परत या. नर कितीही विचित्र दिसला तरी कंबर त्याला असतेच.

आणखी एक पाहुणा दिव्याला येतो, तो डोरिलस जातीच्या मुंगीचा नर. पिवळट तपकिरी, मोठा, जाड नळीसारखं लांब पोट, कशालाच न शोभणारं ध्यान. याला बघून कोणी गांधीलमाशी म्हणतं, कोणी वाळवीची राणी. पोट जाड असल्यामुळे कंबर पटकन दिसत नाही, पण बाजूने पाहिलं की छाती आणि पोट यांच्यामधली खाच सापडते. वाळवीची जी फुगलेली राणी चित्रांत असते ती वारुळाच्या पोटात असते आणि तिला पंखही नसतात. ती दिव्याला कधीच येत नाही.

इंटरनेटवरची चित्रं जुळवून बघणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. तिथले बरेचसे तक्ते अमेरिकेतले आहेत. तिथली नेहमीची वाळवी वसंतात, भर दिवसा उडते आणि दुधी-पांढऱ्या पंखांची दाखवलेली असते. आपल्याकडे वारुळं बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस वाळव्यांचे पंख धुरकट तपकिरी, पंखांसकट लांबी इंचभर आणि उडण्याची वेळ पावसाळी संध्याकाळ. "पंख पांढरे नाहीत, म्हणजे वाळवी नाही" हे त्या तक्त्यांतून आलेलं अनुमान इथे चालत नाही. कंबर, मिशा आणि पंखांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे तेच.

आता मावशीच्या पडवीकडे. पहिला फोटो उभ्याने, वरून, फ्लॅश टाकून काढलेला. पंखांवर उजेड चमकून सगळं पांढरं झालं होतं. तिला सांगितलं, काचेचा रिकामा पेला घे, चार-पाच पाखरांवर उपडा घाल, खालून जाड कागद सरकव आणि पेला फ्रीजमध्ये ठेव. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात, पाच-सात मिनिटं. गारव्याने कीटक सुस्त होतो, मरत नाही, आणि फोटो काढायला दोन मिनिटं मिळतात.

"अगं, फ्रीजमध्ये दूध आहे माझं!" मावशी म्हणाली.

"झाकण आहे ना पातेल्यावर? मग ठेव."

तेवढ्यात तिने चौकटीच्या वहीचा कागद काढला. हे तिला सांगावं लागलं नाही, शाळेत शिकवायची ती. चौकटींमुळे माप आपोआप मिळतं. फ्लॅश बंद, बाजूने टॉर्चचा उजेड, फोन कीटकापासून साधारण वीतभर लांब. फार जवळ नेला की फोन फोकसच धरत नाही. लांबून काढून नंतर कापलेला फोटो जवळून काढलेल्या धूसर फोटोपेक्षा केव्हाही बरा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, असं सांगितलं, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मिशीचे मणी सगळ्यात आधी पुसले जातात.

दुसऱ्या खेपेला तीन फोटो आले. पहिल्यात कागदावर पाच कीटक. त्यातले चार एकसारखे होते: लांब धुरकट पंख पाठीवर रचलेले, कंबर झाकलेली. एकाचं माप घेतलं. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत अडीच चौकटी, पंखांच्या टोकापर्यंत पाचाला थोडं जास्त. म्हणजे दुप्पट. वाळवीकडे झुकणारं, पण अजून एकच खूण. पाचवा कीटक जरा वेगळा वाटला. लांबी तेवढीच, पण पंख पोटापुढे जेमतेम अर्धी चौकट, स्वच्छ पारदर्शक, आणि कडेवर गडद ठिपका.

दुसरा फोटो तिने पेला सरळ करून तळाखालून काढला होता, कीटक काचेवर बसलेले, पोटं फोनकडे. हा फोटो सोन्यासारखा निघाला. चौघांच्याही मागच्या पायांच्या मागे अंग सरळ, कुठेही आत गेलेलं नाही. पाचव्याला तिथेच खाच, आणि खाचेत एकच गाठ. तिसऱ्या फोटोत डोकी होती. चौघांच्या मिशा मण्यांच्या, पाचव्याची कोपरातून वाकलेली. एकाच दिव्याखाली, एकाच पेल्यात, चार वाळव्या आणि एक पंखवाला मुंगळा!

असं होतं, आणि हे फोटो बघणाऱ्याने कायम मनात ठेवायला हवं. फोटोत एका कीटकाची ओळख पटली म्हणजे बाकीचे सगळे तेच, असं नसतं. मावशीने पहिल्यांदा त्या मुंगळ्याचाच जवळून फोटो पाठवला असता तर मी निर्धास्तपणे "मुंगी आहे, झोप" असं सांगून मोकळी झाले असते.

पेस्ट कंट्रोलवाल्याने ओळख बरोबर सांगितली होती, हे मान्य करायला हवं. त्याचा पुढचा निष्कर्ष मात्र फोटोत नव्हता. पंखवाली वाळवी दिव्याला आली, याचा अर्थ आसपास कुठेतरी जमिनीत तिची वसाहत आहे, एवढाच. चिपळूणसारख्या ठिकाणी शेताच्या बांधावर, आमराईत, रस्त्याकडेला वारुळं असतातच. ही पंखवाली स्वतः लाकूड खात नाही. पंख टाकले की नर मादीच्या मागे लागतो आणि दोघं एकामागे एक आगगाडीसारखी चालत ओल्या मातीत जागा शोधतात. तुमच्या फोटोत बिनपंखाची दोन पाखरं अशी एकमेकांच्या शेपटाला लागून चालताना दिसली तर तीही वाळवीचीच खूण. मुंगीत असं जोडीने चालणं नसतं, तिचा नर समागमानंतर मरतो आणि राणी एकटीच घर मांडते. या जोड्यांतल्या बहुतेकांना पालींपासून बेडकांपर्यंत कोणी ना कोणी सकाळच्या आत उचलतं.

काळजीचा प्रश्न वेगळा: ही पाखरं आली कुठून? खिडकी-दार उघडं असताना बाहेरून दिव्याकडे आली असतील तर घराबद्दल ती काहीच सांगत नाहीत. पण खिडक्या बंद असताना दाराच्या चौकटीच्या फटीतून, फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीतल्या भेगेतून ती निघताना दिसली, किंवा पंखांचा ढीग घरातल्याच एका कोपऱ्यात सापडला, तर वसाहत घराखाली किंवा घरात पोहोचलेली असू शकते. मी मावशीला कीटकाचा चौथा फोटो मागितला नाही. खांबांच्या बुडाचे फोटो मागितले. बघायचं होतं ते मातीचे मार्ग, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, भिंतीवरून किंवा खांबावरून वर चढणारे. कामकरी वाळवी उजेड-वारा टाळायला असे बोगदे बांधते. तिला सांगितलं, असा मार्ग दिसला तर एका ठिकाणी बोटभर मोड आणि दोन दिवसांनी बघ. दुरुस्त झालेला असेल तर आत वाळवी चालू आहे.

दुसऱ्या दिवशी तिने सहाही खांब टॉर्च लावून तपासले. पाच कोरडे आणि स्वच्छ होते. सहाव्याच्या बुडाशी, जिथे पागोळ्यांचं पाणी साचतं, तिथे विटेपासून लाकडाकडे वळलेला मातीचा एक मार्ग होता, वीतभर. तिने तो मध्ये मोडला. तिसऱ्या दिवशी फोटो आला: मोडलेल्या जागी ओल्या मातीचा ताजा, गडद पट्टा. खाली तिने लिहिलं होतं, "हिने तर माझ्या गवंड्यापेक्षा लवकर काम केलं." मग माणूस बोलावला, पण सगळ्या घराला भोकं पाडायला नाही. त्या एका खांबाच्या बुडाशी औषध घालून घेतलं, पागोळ्यांच्या पाण्याला वाट काढली आणि बाकीच्या खांबांवर नजर ठेवायचं ठरलं.